हेलो पीएस५ वर येतोय, मग एक्सबॉक्स घ्यायचाच कशाला? एक्स्क्लुझिव्हचा सगळा हिशोब

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्स बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की हेलो या गेमचा नवा रिमेक सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर, म्हणजे पीएस५ वर पण येणार, आणि तेव्हापासून ठाण्या-नवी मुंबईत ज्यांच्या ज्यांच्या घरी कंट्रोलर आहे त्यांच्यात एकच चर्चा. ज्यांना गेमिंगचं काही देणंघेणं नाही त्यांना यात एवढं काय ते कळणार नाही, म्हणून सांगतो. २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स आला तेव्हा लोकांनी तो विकत घेतला त्याचं एक मोठं कारण हेलो होतं, आणि त्यानंतर चोवीस वर्षं हा गेम सोनीच्या मशीनवर दिसला नाही. त्याआधी २६ ऑगस्ट २०२५ ला अजून एक गंमत झाली, एकाच दिवशी एक्सबॉक्सचा गिअर्स ऑफ वॉर पीएस५ वर आला आणि सोनीचा हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर गेला. वीस वर्षं ज्या गेमवरून पोरं शाळेच्या बसमध्ये भांडली, ते गेम आता शेजारच्या घरात जाऊन बसले.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा प्रश्न एकदम साधा होता. पोराला दहावीनंतर कन्सोल घेऊन द्यायचाय, सगळे गेम सगळीकडे येणार असतील तर इतकी वर्षं हे लॉक करून ठेवायचा उद्योग कशासाठी चालला होता, आणि आता का थांबला? प्रश्न साधा असला तरी उत्तर लिफ्टमध्ये देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एक्स्क्लुझिव्ह म्हणजे नेमकं काय

एखादा गेम एकाच कंपनीच्या मशीनवर किंवा एकाच दुकानात मिळत असेल तर तो एक्स्क्लुझिव्ह. पण यात दोन एकदम वेगळे प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात, तिथेच निम्मी भांडणं सुरू होतात.

पहिला प्रकार म्हणजे घरचा गेम. स्टुडिओच सोनीच्या किंवा निन्टेन्डोच्या मालकीचा, पगार तेच देणार, गेम त्यांचाच. गॉड ऑफ वॉर सोनीचा, मारिओ निन्टेन्डोचा. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरच्या कंपनीचा गेम, जो पैसे देऊन किंवा दुसरी काही मदत करून ठराविक काळासाठी आपल्याकडे अडवून ठेवला जातो. म्हणजे सहा महिने किंवा वर्षभर फक्त आमच्याकडे, नंतर कुठेही जा. याला टाइम्ड एक्स्क्लुझिव्ह म्हणतात. पहिल्या प्रकारात कंपनी गेम बनवायचा खर्च करते, दुसऱ्यात तो दुसरीकडे न जाण्याचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हेलोचीच गोष्ट बघा ना. १९९९ मध्ये हा गेम पहिल्यांदा दाखवला तो ॲपलच्या कार्यक्रमात, स्टीव्ह जॉब्सने स्वतः, मॅकवर. मग २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने बंजी हा अख्खा स्टुडिओच विकत घेतला आणि बाहेरचा गेम घरचा झाला. (तो बंजी पुढे मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाला आणि २०२२ मध्ये चक्क सोनीने विकत घेतला, हेलो मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. या धंद्यात कोण कोणाचं, काही सांगता येत नाही.)

कन्सोलमध्ये पैसा नाही, दुकानात आहे

बऱ्याच जणांना वाटतं की सोनी पन्नास हजाराला मशीन विकते म्हणजे त्यातच मोठा नफा असणार. उलट आहे. मायक्रोसॉफ्टच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये कोर्टात शपथेवर सांगितलं की एक्सबॉक्सच्या हार्डवेअरवर आम्ही कधीच नफा कमावलेला नाही. पीएस५ पण सुरुवातीला तोट्यात विकला जात होता.

खरी कमाई आहे ती त्या मशीनमधल्या दुकानात. तुम्ही कन्सोलवर बाहेरच्या कंपनीचा कुठलाही गेम डिजिटल विकत घेतला की साधारण ३० टक्के प्लॅटफॉर्मवाल्याकडे जातात. समजा ४,९९९ चा गेम आहे, कराची भानगड बाजूला ठेवू, तर साधारण दीड हजार रुपये सोनीला मिळाले, गेम बनवण्यात बोटसुद्धा न हलवता. वर्षाला असे पाच घेतलेत आणि सहा वर्षं तोच कन्सोल वापरलात तर पंचेचाळीस हजार. त्यात ऑनलाइन खेळण्याची मेंबरशिप वेगळी, आणि फुटबॉल गेममध्ये पोरं जे पॉइंट्स विकत घेतात त्याचा वाटा वेगळा.

म्हणजे ठाण्यातल्या कुठल्याही मॉलचा धंदा डोळ्यासमोर आणा. वरच्या मजल्यावर मल्टिप्लेक्स असतो, खाली कपड्यांची, बुटांची, आइस्क्रीमची दुकानं. मॉलवाला मल्टिप्लेक्सला किंवा एखाद्या मोठ्या ब्रँडला बऱ्याचदा स्वस्तात जागा देतो कारण गर्दी तो खेचून आणतो, आणि भाडं निघतं ते खालच्या छोट्या गाळ्यांमधून. एक्स्क्लुझिव्ह गेम म्हणजे तो मल्टिप्लेक्स. त्याने स्वतः किती कमावले यापेक्षा त्याच्यासाठी किती जण आत शिरले आणि मग सहा वर्षं तिथेच खरेदी करत राहिले, हा हिशोब महत्त्वाचा.

हे कळलं की मग पुढच्या वेड्यासारख्या वाटणाऱ्या रकमा वेड्यासारख्या वाटत नाहीत.

दुसऱ्याचा गेम अडवायला किती लागतात

असे करार गुप्त असतात, पण अधूनमधून कोर्टात किंवा हिशोबाच्या कागदात बाहेर येतात. सगळ्यात स्वच्छ उदाहरण पीसीवरचं आहे. पीसीवर स्टीम नावाचं दुकान वर्षानुवर्षं राजा, तिथे पण कट ३० टक्क्यांपासून सुरू. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने, म्हणजे फोर्टनाइटवाल्यांनी, स्वतःचं दुकान काढलं आणि सांगितलं की आम्ही फक्त १२ टक्के घेऊ. साठ डॉलरच्या गेममागे बनवणाऱ्याला स्टीमवर ४२ डॉलर आणि एपिकवर ५२ डॉलर ८० सेंट. कागदावर मस्त, पण गिऱ्हाईक सगळं स्टीमवर बसलेलं, त्यांना त्या दहा डॉलरचं काय सोयरसुतक?

म्हणून एपिकने गेम अडवायला सुरुवात केली. कंट्रोल नावाचा गेम ऑगस्ट २०१९ मध्ये पीसीवर फक्त एपिककडे आला, स्टीमवर यायला पूर्ण वर्ष लागलं. त्याच्या प्रकाशकाची इटालियन मालक कंपनी शेअर बाजारात आहे, तिच्या हिशोबातून कळलं की यासाठी एपिकने ९४.९ लाख युरो मोजले होते. बॉर्डरलँड्स ३ तर याहून मोठा, सहा महिन्यांसाठी सगळं मिळून साधारण १४.६ कोटी डॉलर, हे एपिक विरुद्ध ॲपल केसच्या कागदांत आलं.

आता हे पैसे बक्षीस म्हणून देत नाहीत बरं का. यातला मोठा भाग असतो मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान हमी. एपिक म्हणतं, तुमचा गेम आमच्याकडे कमीत कमी इतका विकला जाईल असं धरून तेवढे पैसे आजच घ्या. मग गेम विकला जायला लागला की तुमच्या वाट्यातून ती उचल आधी फिटते, फिटली की पुढचे पैसे तुम्हाला परत चालू, आणि नाही फिटली तर तोटा एपिकचा. बॉर्डरलँड्स ३ ची ८ कोटी डॉलरची हमी दोन आठवड्यांतच फिटली. ज्या गेमचं तेवढं नाव नसतं तिथे मात्र ही उचल एपिकच्या गळ्यात राहते.

गेम बनवणाऱ्याच्या जागी बसून बघा. तीन-चार वर्षं पन्नास-शंभर लोकांचे पगार दिलेत, गेम चालेल की आपटेल माहीत नाही, आणि कोणीतरी येऊन सांगतं की आपटला तरी तुझा खर्च निघाला समज. छोटा स्टुडिओ नाही कशाला म्हणेल? लोक नेटवर त्याला 'विकला गेला' म्हणून शिव्या घालतात, पण शिव्या घालणाऱ्यांनी पगाराची जबाबदारी घेतलेली नसते.

मग नुकसान कोणाचं? फायनल फँटसी १६ कडे नीट बघू

हा गेम जपानच्या स्क्वेअर एनिक्सचा, सोनीच्या मालकीची कंपनी नाही. २२ जून २०२३ ला आला, फक्त पीएस५ वर. ट्रेलरमध्ये बारीक अक्षरात लिहिलं होतं की पीएस५ वर सहा महिने एक्स्क्लुझिव्ह. मोबाईलवर बघितलंत तर ती ओळ मुंगीएवढी दिसते, पॉज करून झूम करावी लागते, पण सगळं त्या ओळीत असतं.

ती वाचून इथल्या पीसीवाल्यांनी हिशोब मांडला, जून ते डिसेंबर, म्हणजे नवीन वर्षात आपल्याकडे. झालं काय, तर निर्माते नाओकी योशिदा यांनी आधीच सांगून टाकलं की एक्स्क्लुझिव्हिटी सहा महिन्यांची आहे हे खरं, पण पीसीचं व्हर्जन सहा महिन्यांत तयार होणार नाही. प्रत्यक्षात ते आलं १७ सप्टेंबर २०२४ ला, जवळजवळ पंधरा महिन्यांनी. एक्सबॉक्सवर यायला जून २०२५ उजाडलं, म्हणजे दोन वर्षं.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कराराचं कुलूप सहा महिन्यांनी उघडलं, पण दुसऱ्या मशीनवर गेम नेणं म्हणजे फाइल कॉपी-पेस्ट नाही. एका ठराविक मशीनची मेमरी, तिची एसएसडी, तिचा ग्राफिक्सचा चिप धरून सगळं घट्ट बसवलेलं असतं आणि पीसीवर तर प्रत्येकाचं मशीन वेगळं, कोणाकडे आठ वर्षं जुनं कार्ड, कोणाकडे नवं कोरं. एकाच मशीनवर लक्ष दिल्याने पहिल्या दिवशी गेम जास्त गुळगुळीत चालतो हा एक्स्क्लुझिव्हचा खरा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच कारणाने बाकीच्यांचं थांबणं लांबतं.

आणि पैशाचं काय झालं? पहिल्या आठवड्यात ३० लाख कॉप्या गेल्या. आकडा मोठा वाटतो, पण त्या वेळी जगात पीएस५ होते साधारण चार कोटी. दर तेरा मशीनमागे एकाने पहिल्याच आठवड्यात घेतला, म्हणजे प्रमाण म्हणून उत्तमच. अडचण ही की मुळात मशीनच तेवढी. आधीचा भाग, फायनल फँटसी १५, २०१६ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्हीवर एकदम आला होता आणि पहिल्याच दिवशी ५० लाखांच्या वर गेला होता. इकडे मधल्या सात वर्षांत गेम बनवायचा खर्च कुठल्या कुठे गेला.

मे २०२४ मध्ये स्क्वेअर एनिक्सने आपल्या पुढच्या तीन वर्षांच्या प्लॅनमध्ये लिहून टाकलं की आता निन्टेन्डो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी, सगळीकडे जोर लावून जाणार. आणि नंतर हेही मान्य केलं की फायनल फँटसी १६ आणि त्यानंतरचा फायनल फँटसी ७ रीबर्थ हे दोन्ही गेम नफ्याच्या अपेक्षेला उतरले नाहीत. सोनीने त्यांना नक्की किती दिले ते बाहेर आलेलं नाही, पण जे काय दिलं ते सगळ्यांकडे न विकण्याची भरपाई करायला पुरलं नाही, एवढं तर त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतंच.

"पण पैसे टाकले नसते तर गेम झालाच नसता ना?"

हा आक्षेप हमखास येतो आणि अर्धा बरोबर आहे. बायोनेटा २ हे त्याचं आवडतं उदाहरण, आणि योग्यच. पहिला भाग सेगाने काढला, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. दुसऱ्या भागातून सेगाने अंग काढून घेतलं. निन्टेन्डोने पैसे घातले आणि २०१४ मध्ये तो फक्त त्यांच्या वी यू या कन्सोलवर आला. प्लेस्टेशनवाले भडकले, पण ते भडकले कशावर? त्यांच्याकडून कोणी काही काढून घेतलंच नव्हतं, निन्टेन्डो नसतं तर गेमच नव्हता.

घरच्या स्टुडिओंचं पण तसंच. द लास्ट ऑफ अस पार्ट २ ला २२ कोटी डॉलर खर्च आला, होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी. हे आकडे बाहेर कसे आले तेही ऐका, २०२३ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या केसमध्ये सोनीने कागद दिले, त्यावरचे आकडे काळ्या मार्करने खोडले आणि मग कागद स्कॅन केले. स्कॅनमध्ये मार्करच्या खालचं दिसत होतं. एवढी मोठी कंपनी आणि खोडायला मार्कर!

तर २२ कोटी डॉलर. साठ डॉलरचा गेम सोनीने स्वतःच्या डिजिटल दुकानात पूर्ण भावाने विकला तर साधारण ३७ लाख कॉप्यांत खर्च निघतो. हाच गेम बाहेरच्या कंपनीचा असता तर ३० टक्के कापून हातात ४२ डॉलर, म्हणजे ५२ लाखांच्या वर कॉप्या लागल्या असत्या. जाहिरातीचा खर्च यात धरलेलाच नाही आणि सेल लागला की गणित अजून बिघडतं. दुकान स्वतःचं असल्यामुळे सोनी असा जुगार खेळू शकते. एका खेळाडूचा, वीस-तीस तासांचा, विकत घ्यायला आत काहीही न ठेवलेला गेम एवढ्या खर्चाने करायची हिंमत बाहेरच्या प्रकाशकांत आता फार थोड्यांकडे आहे.

पण हे झालं पहिल्या प्रकाराचं. दुसऱ्या प्रकारात, जिथे गेम आधीच तयार होत होता आणि फक्त दुसऱ्या दारात जाऊ नये म्हणून पैसे दिले, तिथे हा युक्तिवाद चालत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाकडे लेखी आरोप केला होता की काही गेम आमच्या गेम पास या वर्गणीच्या योजनेत येऊ नयेत म्हणून सोनी पैसे देते. आरोप प्रतिस्पर्ध्याचा, तेव्हा जपूनच घ्या, पण प्रकार कळतो. त्यात खेळणाऱ्याच्या पदरात काय पडलं? काही नाही, फक्त शेजारच्याचं गेलं.

आणि मायक्रोसॉफ्ट काही धुतल्या तांदळाची नाही. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी कोर्टात सांगितलं की सोनी बेथेस्डा या बाहेरच्या कंपनीचे गेम एकेक करून अडवत होती आणि स्टारफील्ड पण एक्सबॉक्सला मिळणार नाही अशी कुणकुण लागली, बेथेस्डा घेण्यामागचं ते एक कारण होतं. म्हणजे समोरचा भाड्याने अडवतोय म्हणून यांनी घरच विकत घेतलं, ७५० कोटी डॉलरला, आणि स्टारफील्ड प्लेस्टेशनला बंद केला.

मग मायक्रोसॉफ्टने कुलूप उघडलं का?

कारण त्यांच्या लक्षात आलं की मल्टिप्लेक्स कितीही भारी बांधला तरी लोक आता मॉल बदलत नाहीत. हे मी नाही म्हणत, मे २०२३ च्या एका मुलाखतीत स्पेन्सर यांनीच कबूल केलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा की स्टारफील्ड दहापैकी अकरा मार्कांचा निघाला तरी लोक पीएस५ विकून एक्सबॉक्स घेणार नाहीत, आणि आम्ही नेमकी चुकीची पिढी हरलो, म्हणजे एक्सबॉक्स वन आणि पीएस४ ची, कारण त्याच काळात लोकांनी डिजिटल लायब्ररी जमवली.

माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य हेच आहे. पूर्वी नवा कन्सोल आला की सगळे शून्यापासून सुरू करायचे, जुन्या डिस्क कपाटात जायच्या आणि नवा कुठला घ्यायचा ते कुठल्या गेमसाठी यावर ठरायचं. आता पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर चालतात. दहा वर्षांत घेतलेले साठ-सत्तर गेम, मित्रांची यादी, ट्रॉफ्या, सेव्ह, सगळं त्या एका अकाउंटला चिकटलेलं. एका हेलोसाठी ते सगळं सोडून कोण जाईल?

त्यात मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीवाल्या ॲक्टिव्हिजनला विकत घ्यायचा ६,८७० कोटी डॉलरचा सौदा पूर्ण केला. नियामकांना शांत करायला कॉल ऑफ ड्यूटी दहा वर्षं प्लेस्टेशनवर ठेवायचा करार आधीच करावा लागला होता. एवढे पैसे घातल्यावर आठ कोटींहून जास्त पीएस५ वाल्यांना गेम न विकणं परवडतं का? फेब्रुवारी २०२४ मध्ये चार छोट्या-मोठ्या गेमपासून सुरुवात केली, एप्रिल २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ गेला, मग गिअर्स, आणि आता हेलो. प्लेस्टेशनवर विकताना सोनीचा कट जातो तरी उरलेला पैसा शून्यापेक्षा बराच.

ज्या गेमला ऑनलाइन गर्दी लागते तिथे तर कुलूप उलट अंगावर येतं. हेलडायव्हर्स २ सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या दिवसापासून पीएस५ आणि पीसी दोन्हीवर काढला, तीन महिन्यांच्या आत १.२ कोटी कॉप्या गेल्या. चार जणांनी मिळून खेळायचा गेम, त्यातले दोघे पीसीवाले असतील तर कुलूप लावून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखं.

निन्टेन्डो मात्र ढिम्म हलत नाही, ते कसं?

कारण त्यांचं गणितच वेगळं आहे. मशीन तुलनेने साधं, बऱ्याचदा नफ्यातच विकलेलं, गेम घरचे आणि बरेचसे कमी खर्चात होणारे. स्विच १५ कोटींच्या वर विकला गेला तो मारिओ, झेल्डा, पोकेमॉनच्या जोरावर, आणि हे गेम बाहेर दिले तर मशीन घ्यायचं कारणच संपलं. त्यांचे गेम वर्षानुवर्षं स्वस्तही होत नाहीत. आपल्याकडे स्विच अधिकृतपणे विकायलाच आणला नाही, त्यामुळे इथे तो बाहेरून आणणाऱ्या दुकानदाराच्या भावाने आणि दुकानदाराच्याच वॉरंटीवर मिळतो, वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द.

आता आपल्या खिशाचं बोलू

पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे ४९,९९० ला आला, २०२२ मध्ये ५४,९९० झाला. सोनीचा मोठा गेम ४,९९९. एकाच गेमसाठी मशीन घेतलं तर तो गेम साठ हजाराला पडला, हे घरी सांगू नका.

पण डिस्कवाला कन्सोल असेल तर चित्र बदलतं. वाशी किंवा ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी डिस्कची देवाणघेवाण करणारी पोरं दिसतील, तिकीट खिडकीपाशी भेटायचं, डबी उघडायची, मोबाईलचा टॉर्च मारून डिस्कच्या मागच्या बाजूला ओरखडे बघायचे, जीपे करायचं, पुढची लोकल पकडायची. समजा ४,९९९ चा गेम घेतला, महिन्यात संपवला आणि ३,००० ला विकला, तर खरा खर्च दोन हजार. या विक्रीत सोनीला दमडी मिळत नाही, आणि डिजिटल खरेदीवर कंपन्यांचा एवढा जीव का हे इथे कळतं. पीसीवर हा मार्ग नाही, घेतलेला गेम विकता येत नाही. तिथला फायदा वेगळा, थांबलात तर भाव उतरतो. गॉड ऑफ वॉर प्लेस्टेशनवर एप्रिल २०१८ मध्ये आला, पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये ३,२९९ ला, आणि नंतर सेलमध्ये त्याहून बराच खाली. पावणेचार वर्षं थांबायची आणि तोवर शेवट कानावर पडू न द्यायची तयारी हवी, एवढंच.

"मग आता लॉक संपला म्हणायचा का?"

नाही, गेमवरून उतरून तो अकाउंटवर बसलाय. हेलो तुम्ही एक्सबॉक्सवर घेतला असेल तर पीएस५ वर तो परत पैसे देऊनच घ्यायचा, आधीचं बिल दाखवून उपयोग नाही. सेव्ह पण आपोआप येत नाही, गेम बनवणाऱ्याने स्वतःचं वेगळं अकाउंट ठेवून सोय केली असेल तरच येते, आणि एकट्याने खेळायच्या गेममध्ये अशी सोय क्वचित. मे २०२४ मध्ये सोनीने हेलडायव्हर्स २ च्या पीसीवाल्यांना प्लेस्टेशन अकाउंट सक्तीचं करणार असं जाहीर केलं, लोकांनी स्टीमवर निगेटिव्ह रिव्ह्यूंचा पाऊस पाडला आणि काही दिवसांत सोनीला माघार घ्यावी लागली. आपल्याला वाटलं असेल एक फॉर्म तर भरायचा होता, पण जिथे प्लेस्टेशनची सेवाच नाही अशा दीडशेहून जास्त देशांत आणि प्रदेशांत त्या गोंधळात गेमची विक्रीच बंद झाली होती.

म्हणून कन्सोल घेताना गेमची यादी बघण्याआधी दोन गोष्टी तपासा. तुमच्या पोराचे मित्र कुठल्या मशीनवर खेळतात, आणि घरात आधीपासून कुठल्या अकाउंटवर गेम पडलेत. पीसी पण असेल तर एक्सबॉक्स प्ले एनीव्हेअर लिहिलेले गेम शोधा, ते एकदा घेतले की एक्सबॉक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालतात आणि सेव्ह पण सोबत येते. आणि ट्रेलरमधली बारीक ओळ वाचा. 'कन्सोल एक्स्क्लुझिव्ह' असेल तर पीसीवर तो त्याच दिवशी येऊ शकतो, कारण कन्सोल हा शब्द पीसीला मोकळा सोडतो. महिने लिहिले असतील तर तो भाड्याचा करार आहे, गेम बाहेर पडणार, फक्त सांगितलेल्या तारखेला पडेलच असं धरू नका. आणि खाली स्टुडिओचं नाव सोनीचं किंवा निन्टेन्डोचं असेल आणि महिन्यांचा काही उल्लेखच नसेल, तर सोनीच्या बाबतीत एक-दोन वर्षांनी पीसीवर डोकावून बघा, निन्टेन्डोच्या बाबतीत वाट बघू नका.